चौऱ्याऐंशी टक्के मोठे की शहाऐंशी? : दोन परीक्षांच्या गुणांची तुलना

बेळगावहून चंदगडकडे निघाले की वाटेत राज्याची हद्द ओलांडावी लागते. पाटीवरची लिपी बदलते, एस.टी.चा रंग बदलतो, शाळेचे परीक्षा मंडळ बदलते. घरात बोलली जाणारी मराठी मात्र तीच राहते. अशा हद्दीवरच्या एखाद्या वाचनालयाने ठरवले की, दहावीला मराठीत सर्वांत चांगले यश मिळवणाऱ्या एका विद्यार्थ्याला वर्षभराच्या पुस्तकांचा खर्च द्यायचा, तर पहिल्याच बैठकीत एक अडचण उभी राहते. ती हिशेबाची आहे, पण तिच्यात एका मुलाचा किंवा मुलीचा हक्क गुंतलेला आहे. म्हणून ती नीट सोडवायला हवी.

समजा, दोन अर्ज समोर आहेत. सविता कर्नाटकाच्या बाजूच्या शाळेतली. त्या राज्याच्या दहावीत प्रथम भाषेचा विषय अनेक वर्षे १२५ गुणांचा राहिला आहे. तिला मराठीत १२५ पैकी १०५ गुण आहेत. अनंत महाराष्ट्राच्या बाजूचा. त्याच्याकडे मराठी १०० गुणांची. त्याला ८६ गुण आहेत. नुसते आकडे पाहिले तर १०५ मोठे. पण ‘पैकी’ वेगवेगळे असल्यामुळे समितीतले कोणीतरी लगेच टक्के काढते : सविता ८४, अनंत ८६. पुस्तके अनंतला मिळाली, असे म्हणून वही मिटली जाते.

वही इथे मिटता कामा नये. टक्क्यांनी एकच गोष्ट दुरुस्त केली : कागदावरचे कमाल गुण. पेपर सोपा होता की अवघड, तपासणारा सढळ होता की काटेकोर, बाकीच्या मुलांना त्याच पेपरात किती पडले, यांपैकी एकाही प्रश्नाला टक्क्यांनी हात लावलेला नाही. ८६ टक्के हे वाक्य अर्धे आहे. ते पूर्ण करायचे तर ‘कोणात?’ हे विचारावे लागते.

सरासरीपासूनचे अंतर

हिशेब हाताने करता यावा म्हणून दोन्ही वर्गांत दहा-दहाच मुले आहेत असे धरू. आकडे अर्थातच उदाहरणासाठी घेतलेले आहेत. सविताच्या वर्गाचे मराठीचे गुण, १२५ पैकी, असे आहेत :

१०५, ९५, ९०, ९०, ८५, ८५, ८०, ७५, ७५, ७०

अनंतच्या वर्गाचे, १०० पैकी, असे :

९०, ८६, ८६, ८२, ७८, ७८, ७४, ७४, ७०, ६२

पहिल्या वर्गाची बेरीज ८५०, म्हणजे सरासरी ८५. दुसऱ्या वर्गाची बेरीज ७८०, म्हणजे सरासरी ७८. सविता आपल्या सरासरीच्या २० गुण वर आहे, अनंत ८ गुण वर. पण हे २० आणि ८ अजून एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत, कारण पहिला वर्ग जास्त पसरलेला आहे. ज्या वर्गात मुले एकमेकांपासून दूरदूर बसलेली असतात तिथे २० गुणांचे अंतर तितके मोठे नसते. जिथे सगळी दाटीने बसलेली असतात तिथे ८ गुणांचे अंतरही मोठे असू शकते. तेव्हा प्रत्येक वर्गाची ‘पसरण’ मोजणारी एक पट्टी हवी. तिला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात.

ते असे काढतात. प्रत्येकाचे सरासरीपासूनचे अंतर लिहायचे. सविताच्या वर्गात ती अंतरे +२०, +१०, +५, +५, ०, ०, −५, −१०, −१०, −१५ अशी येतात. त्यांची नुसती बेरीज केली तर शून्यच येणार, कारण सरासरीच्या वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करतात : ४००, १००, २५, २५, ०, ०, २५, १००, १००, २२५. बेरीज १०००. ती दहा मुलांत वाटली की १००, आणि त्याचे वर्गमूळ १०. सविताच्या वर्गाचे प्रमाण विचलन १० गुण झाले. अनंतच्या वर्गात हाच हिशेब केला तर वर्गांची बेरीज ६४०, दहांत वाटून ६४, आणि वर्गमूळ ८.

आता प्रत्येकाचे अंतर त्याच्याच वर्गाच्या पट्टीने मोजायचे. जो आकडा येतो त्याला झेड-गुण म्हणतात. काही मराठी पुस्तकांत ‘प्रमाण गुण’ असाही शब्द आढळतो. सूत्र एका ओळीचे आहे :

झेड-गुण = (मिळालेले गुण − वर्गाची सरासरी) ÷ वर्गाचे प्रमाण विचलन

सविताचा झेड-गुण (१०५ − ८५) ÷ १०, म्हणजे +२. अनंतचा (८६ − ७८) ÷ ८, म्हणजे +१. टक्क्यांत दोन पावले मागे असलेली सविता इथे स्पष्टपणे पुढे आली. तिच्या वर्गाची सरासरी १२५ पैकी ८५ म्हणजे ६८ टक्के होती, अनंतच्या वर्गाची ७८ टक्के. कमी गुण पडणाऱ्या पेपरात तिने मिळवलेले ८४ टक्के हे जास्त गुण पडणाऱ्या पेपरातल्या ८६ टक्क्यांपेक्षा आपल्या सोबत्यांच्या मानाने दुर्मीळ होते.

ऋण चिन्हे आणि दशांश पालकांसमोर ठेवायला शिक्षकांना संकोच वाटतो. त्यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेतले शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम मॅकॉल यांनी १९२२ साली जी मोजणी सुचवली तिच्यात सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० असते. तिच्या धर्तीवर झेड-गुणाला दहाने गुणून त्यात ५० मिळवले की सविता ७० आणि अनंत ६० होतात. माहिती तीच, फक्त पोशाख बदलला.

रांगेतली जागा

तुलनेची दुसरी रीत अंतर मोजत नाही. ती डोकी मोजते. मुले गुणांच्या क्रमाने रांगेत उभी केली तर या मुलाच्या मागे शेकडा किती जण आहेत, एवढेच ती विचारते. या आकड्याला शततमक क्रमांक म्हणतात. वर्तमानपत्रांत तो ‘पर्सेंटाइल’ म्हणून येतो, आणि इथे भाषेच्या अभ्यासकांनी एका घोटाळ्याची नोंद घ्यायला हवी. बातमीत ‘९९ पर्सेंटाइल’ असते आणि गावात पेढे वाटताना त्याचे ‘९९ टक्के’ होतात. दोन्ही शब्दांत ‘शेकडा’ दडलेला आहे, पण तो शेकडा वेगवेगळ्या वस्तूंचा आहे. टक्के हे शंभर गुणांपैकी असतात, शततमक हे शंभर माणसांपैकी. पेपर फार अवघड असेल तर निम्म्याहून कमी गुण मिळवूनही एखादा ९९ शततमकावर असू शकतो. त्याने निम्मा पेपर सोडवलेला नाही, तरी शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव जण त्याच्या मागे आहेत.

रीत सोपी वाटते, पण पहिल्याच पायरीला एक प्रश्न येतो : बरोबरीच्यांचे काय करायचे? सविताच्या मागे नऊ जण आहेत आणि तिच्या बरोबरीला कोणी नाही. अनंतच्या मागे सात जण आहेत, पण ८६ गुण मिळवणारे तो धरून दोघे आहेत. फक्त मागचे मोजले तर सविता ९० वर आणि अनंत ७० वर. मागचे आणि बरोबरीचे दोन्ही, स्वतःसकट, मोजले तर सविता १०० वर आणि अनंत ९० वर. मागचे सगळे आणि बरोबरीच्यांतले (स्वतःसकट) निम्मे मोजले तर सविता ९५ वर आणि अनंत ८० वर. वर्गाच्या मोजणीला ही तिसरी रीत सर्वांत समतोल, कारण तिच्यात वर्गाच्या शततमकांची सरासरी नेहमी ५० येते. पुढे मी हीच वापरली आहे.

तिन्ही रीतींत सविता पुढेच आहे, तेव्हा या निकालावर परिणाम होत नाही. पण समजा समितीतल्या एका सदस्याने एका मुलाचा आकडा पहिल्या रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या मुलाचा दुसऱ्या रीतीने काढून आणला. मग दोघेही ९० वर दिसतील! संगणकावरच्या तक्त्यातही हा धोका आहे. तिथले `PERCENTRANK.INC` हे सूत्र आणखी वेगळा भागाकार करते : मागच्यांची संख्या भागिले एकूण वजा एक. त्याने सविता १ वर, म्हणजे शेकडा १०० वर, आणि अनंत ०.७७७ वर येतो. प्रमाण विचलनाचेही तसेच. `STDEV.P` दहाने भागते, `STDEV.S` नऊने; दुसऱ्याने सविताच्या वर्गाचे विचलन १० ऐवजी १०.५४ येते. एकही रीत चुकीची नाही, पण दोन्ही बाजूंना एकच लावली पाहिजे आणि ती कोणती हे टिपणात लिहून ठेवले पाहिजे.

दोन पट्ट्यांचे एकमत होत नाही तेव्हा

इथपर्यंत झेड-गुण आणि शततमक एकाच दिशेला बोट दाखवत होते. नेहमी तसे होत नाही. जिथे ते भांडतात तिथे आपल्याला परीक्षेबद्दल काहीतरी कळते, म्हणून एक तिसरा वर्ग पाहू. ही २० गुणांची तोंडी परीक्षा आहे. तोंडी परीक्षेत बहुतेकांना भरघोस गुण मिळतात, हे शिक्षकांना सांगायला नको. गुण असे :

१९, १८, १८, १८, १८, १७, १७, १७, १६, २

शेवटचा मुलगा तापाने फणफणत आला आणि दोन वाक्ये बोलून उठून गेला. बेरीज १६०, सरासरी १६. अंतरांच्या वर्गांची बेरीज २२४, त्यातले १९६ एकट्या त्या आजारी मुलाचे. प्रमाण विचलन जवळजवळ ४.७३. आता पहिल्या आलेल्या मुलीचा झेड-गुण काढा : (१९ − १६) ÷ ४.७३, म्हणजे फक्त ०.६३. ती वर्गात पहिली आहे, तिचा शततमक सविताइतकाच ९५ आहे, आणि झेड-गुण मात्र दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या अनंतपेक्षाही कमी!

त्या एका मुलाचे गुण बाजूला ठेवून हिशेब पुन्हा केला तर उरलेल्या नऊ जणांची सरासरी १७.५६ आणि विचलन ०.८३ येते. तिचा झेड-गुण १.७४ वर उडी मारतो. तिने एक अक्षरही जास्त उच्चारलेले नाही. तिचा शततमक मात्र ९५ वरून ९४.४ एवढाच सरकतो.

यातून दोन्ही पट्ट्यांचा स्वभाव उघड होतो. झेड-गुण प्रत्येक आकड्याचे वजन मोजतो, म्हणून दूर फेकला गेलेला एकच गुण साऱ्या वर्गाची पट्टी ताणून टाकतो. शततमक फक्त क्रम पाहतो. शेवटच्याला २ असोत की १५, तो शेवटचाच. एका टोकाला लांब शेपूट असलेल्या किंवा गुण कमाल मर्यादेला चिकटून बसलेल्या परीक्षेत शततमक अधिक स्थिर राहतो. अशी परीक्षा ओळखायची सोपी खूण म्हणजे सरासरी आणि मधल्या मुलाचे गुण यांची तुलना. सविताच्या वर्गात दोन्ही ८५. तोंडी परीक्षेत सरासरी १६, पण रांगेच्या मधोमध १७.५, नऊ मुलांना सरासरीइतके किंवा तिच्याहून जास्त गुण आहेत. असे दिसले की झेड-गुण हातात घेण्यापूर्वी गुणांची यादी डोळ्यांखालून घालावी.

शततमकाचाही दोष आहे, आणि तो उलट बाजूचा आहे. सविताच्याच वर्गात पाहा. ८५ वरून ९० गुणांवर गेलेल्या मुलाचा शततमक ५० वरून ७० होतो. पाच गुणांना वीस पायऱ्या. पण ९५ वरून १०५ वर जायला, म्हणजे दहा गुणांना, ८५ ते ९५ एवढ्या दहाच पायऱ्या मिळतात. मधे गर्दी असते म्हणून थोड्या गुणांत बरीच डोकी ओलांडली जातात; टोकाला ओलांडायला माणसेच नसतात. सविताने दुसऱ्या आलेल्या मुलाला दहा गुणांनी मागे टाकले की एका गुणाने, हे शततमकाला कधीच कळणार नाही. याच कारणाने अनेक विषयांचे शततमक मिळवून त्यांची सरासरी काढू नये. सरासरी काढायचीच असेल तर ती झेड-गुणांची काढावी.

लहान वर्गाबाबत आणखी एक मर्यादा आहे. दहाने भागून विचलन काढले तर दहा मुलांच्या वर्गात कोणाचाही झेड-गुण ३ च्या वर जाऊच शकत नाही, मग तो कितीही हुशार असो. पाच मुलांच्या वर्गात ही कमाल २ आहे. म्हणजे सविताचा +२ हा पाच मुलांच्या शाळेत अत्युच्च आकडा ठरला असता आणि साठ मुलांच्या शाळेत तो नुसता चांगला. आकार फार वेगळे असतील तर लहान वर्गाचा झेड-गुण मोठ्या वर्गाच्या झेड-गुणाशी भिडवू नये. शक्य असेल तिथे अनेक वर्षांचे किंवा अनेक शाळांचे गुण एकत्र घेऊन सरासरी आणि विचलन काढावे.

रांग कोणाची?

सर्वांत मोठा प्रश्न अजून उरलाच आहे, आणि त्याचे उत्तर वरच्या एकाही सूत्रात नाही. सविता तिच्या वर्गात जितकी पुढे आहे तितका अनंत त्याच्या वर्गात नाही, एवढे सिद्ध झाले. पण अनंतचा वर्गच मुळात जास्त तयारीचा असेल तर? त्या शाळेत चांगले ग्रंथालय असेल, घरोघरी वाचन असेल, तर तिथे तिसऱ्या क्रमांकावर असणे हे दुसरीकडे पहिले येण्यापेक्षा कठीण असू शकते. ७८ टक्क्यांची सरासरी सोप्या पेपरामुळे आली की हुशार मुलांमुळे, हे त्या आकड्याकडे पाहून सांगता येत नाही. झेड-गुण आणि शततमक दोन्ही गृहीत धरतात की, दोन रांगा साधारण सारख्याच माणसांच्या आहेत.

हे गृहीतक कुठे टिकते आणि कुठे डळमळते, याची दोन उदाहरणे आपल्या देशातल्या प्रवेश परीक्षांनीच घालून दिली आहेत. २०१९ पासून जेईई मेन ही अभियांत्रिकीची परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून कच्च्या गुणांऐवजी त्या-त्या सत्रातला शततमक घेतात : आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या, भागिले त्या सत्राला बसलेल्यांची संख्या, गुणिले शंभर. ही वर सांगितलेली दुसरी रीत झाली, आणि तिच्यामुळेच प्रत्येक सत्रातला पहिला बरोबर १०० वर येतो. लाखो विद्यार्थ्यांत बरोबऱ्या कमी व्हाव्यात म्हणून आकडा दशांशाच्या सात स्थळांपर्यंत देतात. महाराष्ट्राच्या सीईटीचा निकालही शततमकातच लागतो. इथे तुलना बऱ्यापैकी न्याय्य ठरते, कारण कोण कोणत्या सत्राला बसणार हे हुशारी पाहून ठरत नाही आणि एकेका सत्रात हजारो मुले असतात. सकाळची रांग आणि दुपारची रांग सारखीच असण्याला सबळ कारण आहे.

दुसरे उदाहरण त्याआधीचे. २०१३ ते २०१६ या वर्षांत जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. निरनिराळ्या मंडळांचे गुण जुळवण्यासाठी तेव्हाही शततमकाचाच आधार घेतला गेला. पण इथली रांग सत्राची नव्हती, मंडळाची होती, आणि मुले मंडळांत चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसतात. एका मंडळातला ९५ वा शततमक आणि दुसऱ्यातला ९५ वा शततमक समान मानायचा तर दोन्ही मंडळांतली मुले सरासरीने सारखी आहेत असे आधी मान्य करावे लागते. ते मान्य असो वा नसो, शततमकाने ते सिद्ध होत नाही. २०१७ पासून हे वजन काढून टाकण्यात आले. सूत्र दोन्ही ठिकाणी जवळचेच होते. फरक होता तो रांगा कशा बनल्या यात.

आपल्या हद्दीवरच्या दोन शाळा पहिल्या उदाहरणासारख्या नाहीत, दुसऱ्यासारख्या आहेत. मग वाचनालयाने काय करावे? दोन्ही वर्गांना एक समान दुवा द्यावा. एक न पाहिलेला उतारा, त्यावर २० गुणांचे प्रश्न, दोन्ही शाळांत एकाच दिवशी, नावे झाकून, एकाच परीक्षकाकडून तपासलेले. यातून वैयक्तिक विजेता निवडायचा नाही. २० गुणांच्या एका उताऱ्यावर एवढा भार टाकता येत नाही. त्यातून फक्त दोन रांगांची पातळी पाहायची.

समजा दोन्ही वर्गांची त्या उताऱ्यातली सरासरी १३ च्या आसपास आली. मग रांगा सारख्या आहेत असे मानायला आधार मिळाला. सविताचा +२ आणि अनंतचा +१ यांची तुलना उभी राहते आणि पुस्तके सविताची. पण समजा सविताच्या वर्गाची सरासरी ११, अनंतच्या वर्गाची १५, आणि दोन्हींचे प्रमाण विचलन ३ आले. दोन रांगांमध्ये ४ गुणांचे, म्हणजे ४ ÷ ३ = १.३३ विचलनांचे अंतर आहे. अनंतची रांगच तेवढी वर उभी आहे. सविताच्या रांगेच्या मापाने पाहिले तर अनंतची जागा १ + १.३३ = २.३३ भरते आणि तो सविताच्या २ च्या किंचित पुढे जातो. निकाल पुन्हा उलटला!

दहा-दहा मुलांवरून काढलेला ०.३३ चा हा फरक मात्र इतका बारीक आहे की, त्यावर कोणाचे पारितोषिक नाकारू नये. एखादे मूल त्या दिवशी गैरहजर राहिले तरी तो पुसला जाईल. अशा वेळी रक्कम दोघांत वाटणे किंवा दोघांनाही बोलावून निबंध लिहून घेणे हाच प्रामाणिक मार्ग, आणि टिपणात तसे लिहावे : मिळालेल्या माहितीवरून दोघांत फरक करता येत नाही.

म्हणजे एकाच दोन मुलांचे तीन निकाल लागले. टक्क्यांनी अनंत पुढे, झेड-गुणाने आणि शततमकाने सविता पुढे, आणि समान उताऱ्याच्या दुसऱ्या शक्यतेत दोघे जवळजवळ बरोबर. प्रत्येक वेळी सूत्र बरोबर होते. बदलत गेला तो प्रश्न. पहिल्याने विचारले, कागदावरच्या किती गुणांपैकी? दुसऱ्याने विचारले, आपल्या सोबत्यांत कुठे? तिसऱ्याने विचारले, ते सोबती कोण? वाचनालयाच्या बैठकीत यांतला तिसरा प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारला पाहिजे. हद्दीच्या दोन्ही बाजूंना मराठी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण त्यांची पुस्तके वेगळी, परीक्षक वेगळे आणि रांगाही वेगळ्या आहेत. आपल्यासमोर येतो तो फक्त शेवटचा आकडा.